‘जाऊ दिले’ म्हणजे नेमके काय केले?

एखाद्या कारखान्याच्या सूचनाफलकावर अशी ओळ लागली आहे असे समजा : ‘कंपनीला बारा कर्मचाऱ्यांना जाऊ द्यावे लागत आहे.’ मराठी माणूस ही ओळ वाचून काय समजेल? ‘जाऊ द्या’ हे आपण भांडण मिटवताना म्हणतो, कुणाची चूक पोटात घालताना म्हणतो, लवकर घरी निघालेल्या सहकाऱ्याबद्दल म्हणतो. म्हणजे या बारा जणांना रजा मिळाली, की त्यांची चूक माफ झाली? खरे तर त्यांची नोकरी गेलेली असते. इंग्रजीत ‘लेट गो’ हा नोकरीवरून काढण्यासाठीचा मवाळ शब्दप्रयोग आहे. मराठीत तेच दोन शब्द जोडले की बरोबर उलटा, दिलासा देणारा अर्थ निघतो. ज्याच्या घरची चूल त्या नोकरीवर चालते, त्याच्यापर्यंत इतकी मोठी बातमी अशा वाक्यातून पोहोचता कामा नये.

इथे सरळ लिहायला हवे : ‘बारा कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्यात येत आहे.’ कामगार, संघटना, लेबर ऑफिस, सगळ्यांना ते एकाच अर्थाने समजते. मराठीत याच गोष्टीसाठी ‘नारळ देणे’ असाही चपखल वाक्प्रचार आहे, पण तो चहाच्या टपरीवर शोभतो. कंपनीच्या पत्रात तो आला तर ज्याची नोकरी गेली त्याची थट्टा केल्यासारखे होईल. वाक्प्रचार मराठी आहे एवढ्यावर भागत नाही. तो कोण, कुणाला आणि कोणत्या प्रसंगी म्हणतो, हेही जुळावे लागते.

ऑफिसातल्या इंग्रजीचा घोळ मुळात तिच्यातल्या चित्रांमुळे होतो. ही चित्रे एका विशिष्ट जीवनातून आलेली आहेत, आणि कितीतरी तर थेट बेसबॉलच्या मैदानातून. ‘टच बेस’, ‘बॉलपार्क फिगर’, ‘स्टेप अप टू द प्लेट’ हे सगळे तिथले. अमेरिकेत बेसबॉल गल्लोगल्ली खेळतात, त्यामुळे तिथल्या माणसाला या शब्दांमागे मैदान दिसते. आपल्याकडे क्रिकेट, कबड्डी, कुस्ती आणि खो-खो. म्हणून मराठीत कुणी एखाद्याला ‘खो’ देतो, कुणाची विकेट पडते, कुणी चितपट होतो, आणि ते समजावून सांगावे लागत नाही. ‘बॉलपार्क फिगर’चे भाषांतर ‘मैदानी आकडा’ केले तर वाचकाला ना मैदान दिसते ना आकडा. ‘ढोबळ अंदाज’ म्हटले की काम झाले.

चित्र अनोळखी असेल तर वाचक निदान अडखळतो आणि कुणाला तरी विचारतो. त्याहून धोक्याची आहेत ती भाषांतरे, जी वाचताना सरळ वाटतात आणि चुकीचा अर्थ देऊन जातात. ‘ॲट द एंड ऑफ द डे’ याचा इंग्रजीतला अर्थ ‘शेवटी’, ‘सगळ्या गोष्टी धरून पाहता’ असा. त्याचे ‘दिवसाच्या शेवटी’ केले की ती वेळ होते. ‘दिवसाच्या शेवटी प्रत्येकाने आपल्या यंत्राची जबाबदारी घ्यावी’ हे वाचून कामगार ती जबाबदारी शिफ्ट सुटतानाची समजेल. गंमत अशी, की ‘एंड ऑफ डे’ म्हणजे खरोखरच ‘आज काम संपेपर्यंत’, आणि दोन्ही शब्दप्रयोग एकाच मेलमध्ये येऊ शकतात. भाषांतर करणाऱ्याने एकाचे ‘शेवटी’ आणि दुसऱ्याचे ‘आज संध्याकाळपर्यंत’ असे वेगवेगळे केले नाही, तर वाचकाला मुदत कुठली आणि मत कुठले हे कळायला मार्ग नाही. ‘गोइंग फॉरवर्ड’चेही तसेच. ‘पुढे जाताना सर्व चालकांनी गेटवर नोंद करावी’ ही पाटी ट्रकचालक शब्दशः पाळेल : पुढे जाताना नोंद करील, मागे येताना करणार नाही. तिथे ‘यापुढे’ एवढाच शब्द हवा होता.

सर्वांत जास्त मनस्ताप देणारी जोडी आहे ‘कार्यवाही’ आणि ‘कारवाई’. इंग्रजीत दोन्हींसाठी ‘ॲक्शन’ हा एकच शब्द चालतो. मराठीत अर्जावर, प्रस्तावावर, विनंतीवर होते ती कार्यवाही, आणि दोषी माणसावर होते ती कारवाई. सरकारी पत्राच्या शेवटी ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असे असते आणि पोलिसांच्या बातमीत ‘कडक कारवाई’ असते, ते याच फरकामुळे. आता एखाद्या कर्मचाऱ्याने बदलीसाठी अर्ज केला आणि त्याला उत्तर आले, ‘तुमच्या अर्जाबाबत कारवाई केली जाईल’, तर अर्ज केला हाच आपला गुन्हा झाला की काय, असे त्याला वाटेल. दोन अक्षरांच्या फरकाने माणसाची झोप उडू शकते.

ही पत्रे अशी का होतात, याला कारण आहे. भाषांतराची बहुतेक सॉफ्टवेअर मजकुराचे वाक्यावाक्यांत तुकडे करतात. भाषांतरकारासमोर डावीकडे इंग्रजी वाक्य आणि उजवीकडे मराठीसाठी रिकामी चौकट येते. पैसे अनेकदा शब्दाच्या हिशेबाने मिळतात. पत्र कोण वाचणार, ते फलकावर लागणार की मोबाइलवर जाणार, हे त्याला बऱ्याचदा सांगितलेलेच नसते. अशा वेळी समोरचा शब्द टाकून देण्याची हिंमत होत नाही, कारण तपासणारा इंग्रजीशी ताडून एकेक शब्द मोजणार असतो.

उदाहरणादाखल एक मेल पाहू. शिफ्ट बदलल्याचे कळवणाऱ्या अशा मेलचे शब्दशः भाषांतर साधारण असे होते :

‘नमस्कार संघ, हा ईमेल तुम्हाला उत्तम स्थितीत सापडेल अशी आशा आहे. नव्या वेळापत्रकाबाबत आपण सर्व एकाच पानावर आहोत याची मला खात्री करायची आहे. ज्यांच्याकडे या आठवड्यात बँडविड्थ आहे त्यांनी कृपया माझ्यापर्यंत पोहोचावे. मी शुक्रवारी परत वर्तुळ करेन.’

पहिले वाक्य इंग्रजी पत्राचा केवळ रिवाज आहे. मराठी पत्राचा रिवाज ‘नमस्कार’मध्येच पुरा होतो, म्हणून ते गाळायचे. ‘एकाच पानावर’ म्हटले की मराठी वाचकाला पुस्तकाचे पान दिसेल, नाहीतर पंगतीतले. त्याच्या जागी ‘एकमत’ हा शब्द पटकन सुचतो, पण तोही चुकतो. साहेबांनी मत विचारलेलेच नाही. वेळा ठरल्या आहेत, त्या सगळ्यांना सारख्याच समजल्या आहेत का एवढेच त्यांना हवे आहे. ‘बँडविड्थ’चे ‘क्षमता’ केले तर आणखी पंचाईत. ‘माझ्याकडे क्षमता नाही’ असे कोणता कामगार लिहून देईल? इथे प्रश्न सवडीचा आहे, कुवतीचा नाही. ‘माझ्यापर्यंत पोहोचावे’ याचा अर्थ कुणी केबिनमध्ये हजर व्हावे असा घेतला तर तो त्याचा दोष म्हणता येणार नाही. आणि ‘परत वर्तुळ’ तर कुणालाच उलगडणार नाही.

हे सगळे बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारायचा : हा मेल वाचून वाचकाने काय करायचे आहे? तो विचारला की एक उणीव दिसते. कळवायचे आहे, पण कधीपर्यंत, हे मूळ मेलमध्ये नाहीच. ‘रीच आउट’सारखा मोघम शब्द अशी उणीव झाकून टाकतो. ही मुदत भाषांतरकाराने मनाने भरायची नसते. मेल लिहिणाऱ्याला विचारून घ्यायची असते. समजा, त्याने गुरुवार सांगितला. मग मेल असा होईल :

‘नमस्कार. शिफ्टच्या नव्या वेळा सोबत दिल्या आहेत. सगळ्यांनी त्या नीट पाहून घ्याव्यात. काही शंका असल्यास मला विचारावे. या आठवड्यात ज्यांना जास्तीचे काम घेता येईल त्यांनी गुरुवारपर्यंत मला कळवावे. शुक्रवारी मी तुमच्याशी पुन्हा बोलेन.’

यात एकही म्हण किंवा वाक्प्रचार नाही, आणि त्याची गरजही नाही. चित्राच्या बदल्यात चित्रच द्यायला हवे हा हट्ट अनेक भाषांतरकारांना नडतो. साधे क्रियापद मिळाले की बहुतेक वेळा ते पुरते. मराठी वाक्प्रचार तेव्हाच आणावा, जेव्हा तो आपल्या पायांनी चालत येतो. ‘हेड्सअप’ द्यायचा असेल तर ‘कानावर घालून ठेवतो’ यापेक्षा नेमके काही सापडणार नाही. मात्र ‘कान टोचणे’ केले की सूचनेची तंबी झाली.

शिवाय कचेरीची मराठी नव्याने घडवायला बसण्याचे कारण नाही. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर राज्याचा कारभार मराठीत आला, आणि त्याआधीही मोडीतल्या दप्तरांपासून कारभारी मराठी चालत आलेली आहे. ‘ऑनबोर्डिंग’साठी शब्द शोधणाऱ्याला ‘रुजू होणे’ आठवत नाही, याचे वाईट वाटते. ‘जेंटल रिमाइंडर’चे ‘सौम्य आठवण’ होते, तेव्हा ‘स्मरणपत्र’ कपाटात पडून असते. ‘ॲक्नॉलेज करा’ म्हणजे ‘पोच द्या’. तालुक्याच्या ठिकाणी अर्ज देणाऱ्या कुणालाही हे शब्द ठाऊक आहेत.

जुने शब्द वापरतानाही मूळ इंग्रजी कोणत्या देशातले आहे हे पाहावे लागते. ‘टेबल’ करणे म्हणजे ब्रिटिश इंग्रजीत विषय चर्चेला घेणे. आपल्या विधिमंडळातले ‘पटलावर ठेवणे’ त्याच परंपरेतले. अमेरिकन इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ विषय बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन सेनाधिकाऱ्यांची याच शब्दावरून बराच वेळ वादावादी झाली. एकाच मुद्द्यावर दोघांचे एकमत होते, हे उशिरा लक्षात आले. चर्चिल यांनी आपल्या युद्धेतिहासात हा प्रसंग नोंदवला आहे. अमेरिकेतल्या मुख्य कार्यालयाकडून असा शब्द आला तर मराठीत ‘तूर्त स्थगित’ लिहायचे, ‘पटलावर ठेवला’ नव्हे.

शब्दशः आलेले सगळेच वाईट, असे मात्र नाही. ‘लाल फीत’ मराठीत रुळली, कारण फायली फितीने बांधलेल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. ‘हिरवा कंदील’ रुळला, कारण रेल्वेच्या गार्डच्या हातात तो खरोखर असायचा. ‘चेंडू तुमच्या कोर्टात’ हे वर्तमानपत्रांमुळे कानावर आहे, पण ते अजून अर्धेच रुळले आहे. भाडेतंटा किंवा थकबाकीच्या पत्रात ‘आता विषय तुमच्या कोर्टात आहे’ असे लिहिले, की वाचणारा वकील शोधू लागतो. ‘आता निर्णय तुम्ही घ्यायचा आहे’ यात काहीच कमी पडत नाही. आणि मीटिंग, शिफ्ट, टार्गेट, ओव्हरटाइम हे शब्द कामगाराच्या तोंडी रोज असतात. त्यांना ओढूनताणून संस्कृत प्रतिशब्द देण्यात वाचकाचे काहीच भले नाही.

कंपन्यांना आणि कचेऱ्यांना एकच विनंती आहे. मराठी सूचना छापण्याआधी ती ज्याने पाळायची आहे अशा एका माणसाला वाचायला द्या, इंग्रजी प्रत न दाखवता. ‘आता तुम्ही काय कराल?’ असे त्याला विचारा. त्याचे उत्तर चुकले, तर वाक्य बदला.