उतरल्यानंतरचा हिशेब

वरळीहून अंधेरीला निघालेल्या एका प्रवाशाला गाडी बोलावताना मोबाइलवर ५२० रुपये दिसले. पोहोचल्यावर पावती आली ६२० रुपयांची. वाटेत कुणी मीटर पाहिला नाही की पाकीट काढलं नाही. मग हे शंभर रुपये वाढले कुठे?

उदाहरण कल्पित आहे आणि त्यातले दरही हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे. सुरुवातीचा आकडा हा अंदाज असतो. नकाशा सांगतो की रस्ता १५ किलोमीटरचा आहे आणि या वेळच्या गर्दीत ५० मिनिटं लागतील. मूळ भाडं ५० रुपये, किलोमीटरला १५ आणि मिनिटाला दीड रुपया धरला तर ३५० होतात. पाऊस असल्याने मागणी वाढलेली, म्हणून १.२ पट, म्हणजे ४२०. त्यावर वांद्रे-वरळी सागरी सेतूचा १०० रुपये टोल. टोलला पट लागत नाही, तो आहे तसाच जोडला जातो.

प्रवास ठरल्याप्रमाणे झाला, तर बहुतेक वेळा हाच आकडा कायम राहतो. पाच मिनिटं जास्त लागली म्हणून तो हलत नाही. आपल्या प्रवाशाने मात्र मध्येच लिंकिंग रोडवर एक थांबा वाढवला. तिथे जुना अंदाज बाद झाला आणि प्रत्यक्ष अंतर व वेळ मोजली गेली: १८ किलोमीटर, ७२ मिनिटं. भाडं ४२८ झालं. बुकिंगच्या वेळची १.२ पट कायम धरून ५१३ रुपये ६० पैसे, वर टोलचे १००. निघताना प्रवासी उशिरा खाली आला होता. फुकट थांबण्याची मुदत संपल्यावरच्या तीन मिनिटांचे सहा रुपये लागले. पूर्णांकात ६२०.

हे अंतर चालकाचा मोबाइल मोजतो. तो ठरावीक काळाने जीपीएसवरून आपली जागा कळवत राहतो आणि सर्व्हर ते ठिपके नकाशावरच्या रस्त्यावर बसवून घेतो. मुंबईच्या कोस्टल रोडच्या दोन किलोमीटरच्या बोगद्यात उपग्रहाचा संदेश पोहोचत नाही. तिथे दोन टोकांमधला रस्ता धरून अंतर भरून काढावं लागतं. टोलही असाच ओळखला जातो. ठिपके टोलनाक्याच्या ठरवलेल्या हद्दीतून गेले की रक्कम आपोआप बिलात पडते. म्हणूनच चालकाने टोल रोख मागितला, तर आधी पावतीत टोलची वेगळी ओळ आहे का ते पाहावं. ती असेल, तर रोख दिलेले पैसे दुसऱ्यांदा दिले असं समजावं.

रक्कम ठरली तरी ती प्रवाशाच्या खात्यातून काढायची कशी, हा वेगळाच प्रश्न असतो. अनेक देशांत प्रवास सुरू होतानाच कार्डावर अंदाजाइतकी रक्कम राखून ठेवतात. ती कापलेली नसते, फक्त अडवलेली असते. प्रवास संपल्यावर खरी रक्कम वसूल होते आणि अडवलेली सुटते. सुटायला काही दिवस लागतात, त्यामुळे खात्यात थोडा काळ दोन नोंदी दिसतात आणि माणूस घाबरतो.

भारतात ही गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. इथे ऑनलाइन कार्डव्यवहाराला ओटीपीसारखी दुसरी खात्री लागते. गाडीतून उतरून निघून गेलेल्या माणसाकडून ती घेणं अवघड. उबरचे व्यवहार सुरुवातीला परदेशी यंत्रणेतून, दुसऱ्या खात्रीशिवाय होत. ऑगस्ट २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने हा मार्ग बंद करायला सांगितला आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली. नोव्हेंबरमध्ये उबरने पेटीएमचं वॉलेट आणलं आणि मे २०१५ मध्ये हैदराबादेत रोख पैसे घेऊन पाहिले. वॉलेटची युक्ती साधी होती. वॉलेट जोडताना आणि त्यात पैसे भरताना खात्री आधीच घेतलेली असते, त्यामुळे प्रवासानंतर कंपनीला त्यातले पैसे थेट घेता येतात. कार्डाचा नंबरही आता कंपनीकडे राहत नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून त्याच्या जागी टोकन ठेवावं लागतं.

आपल्या प्रवाशाच्या वॉलेटमध्ये ५६० रुपयेच असतील तर? ५२० ला पुरले असते, ६२० ला नाहीत. वसुली फसते आणि ती बाकी पुढच्या बुकिंगच्या वेळी समोर येते.

याच्या उलटही होऊ शकतं. पैसे कापले जातात, पण नेटवर्क तुटल्याने होकार परत येत नाही आणि सर्व्हर पुन्हा मागणी पाठवतो. दुसऱ्यांदा पैसे जाऊ नयेत म्हणून त्या मागणीला एक क्रमांक दिलेला असतो. तोच क्रमांक पुन्हा आला, की पेमेंट यंत्रणा नवे पैसे न कापता जुनंच उत्तर परत पाठवते. तरीही पासबुकात दोन नोंदी दिसल्या, तर त्यांचे संदर्भ क्रमांक पाहावेत. ते वेगवेगळे असून दोन्ही नोंदी पूर्ण झालेल्या असतील, तर पैसे खरोखर दोनदा गेले. तक्रारीत ते दोन्ही क्रमांक द्यावेत.