बटरऐवजी तूप, पण तोलून

घरात बटर नव्हतं म्हणून एकदा मी केकमध्ये २०० ग्रॅम बटरच्या जागी २०० ग्रॅम तूपच घातलं. केक छान फुगला आणि मग मधोमध बसला. साच्यातून काढला, तर खालचा कागद तुपाने माखून आरपार दिसत होता.

चूक मापात होती. बाजारच्या बटरमध्ये साधारण ८० टक्केच स्निग्धांश असतो. बाकीचं बहुतेक पाणी, शिवाय थोडा दुधाचा अंश आणि मीठ. लोणी कढवताना हे पाणी उडून जातं, बेरी तळाशी राहते आणि वर उरतो तो जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. तेलाचंही तसंच. म्हणून २०० ग्रॅम बटर, तेवढीच साखर, तेवढाच मैदा आणि चार अंडी असा केक असेल, तर तूप किंवा तेल १६० ग्रॅम घ्यायचं आणि गेलेल्या पाण्यासाठी ३५-४० मिलिलिटर दूध घालायचं. बटर खारं असायचं, तेव्हा चिमूटभर मीठही. तेल मापी भांड्याने घेत असाल तर १६० ग्रॅम म्हणजे सुमारे १७५ मिलिलिटर.

माप जुळलं तरी हवेचा प्रश्न उरतो. मऊ बटर साखरेबरोबर फेटताना साखरेचे कण त्यात हवा कोंडतात आणि केक त्यावर हलका होतो. पातळ तुपात ती हवा टिकत नाही. म्हणून तूप वितळलं असेल तर दहा-पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवावं. बोट दाबलं की खड्डा पडेल, पण ओघळणार नाही, इतपत थिजलं की साखर घालून पांढरट होईपर्यंत फेटावं. नानकटाईसाठी आपण करतो तसंच. तेल मात्र असं कधीच फेटलं जाणार नाही. तिथे अंडी आणि साखर आधी फेटायची. बीटर उचलल्यावर पडणारी जाड धार क्षणभर वर दिसत राहिली की तेल बारीक धारेने सोडायचं.

तेलाचा केक दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो, फ्रीजमधून काढला तरी, कारण तेल थिजत नाही. त्याला स्वतःची चव नसते, म्हणून चॉकलेट, गाजर, केळं यांना तो शोभतो. सूर्यफुलाचं तेल घ्यावं; घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा वास केकभर राहतो. तुपाच्या केकचा पोत बारीक आणि भुसभुशीत येतो, सुरी लावली की कडा सांडतात. थंडीत तो घट्ट होतो, खाण्याआधी थोडा गरम करावा लागतो. पण वेलची, केशर किंवा रव्याच्या केकमध्ये कढवलेल्या तुपाचा जो खमंगपणा उतरतो, तो मला बटरमध्ये कधी मिळाला नाही. व्हॅनिला मात्र त्या वासाखाली दबतो, म्हणून साध्या व्हॅनिला केकला मी तूप घालत नाही.