पीडीएफ कानांनी वाचताना

एका महाविद्यालयाचं प्रवेश माहितीपत्रक समजा. पानाच्या डोक्यावर मोठा मथळा आहे, खाली दोन स्तंभ आहेत. डाव्या स्तंभात अर्ज कसा करायचा ते दिलं आहे, उजव्या स्तंभात वसतिगृहाचे नियम आहेत. तळाशी शुल्काचा तक्ता आणि कोपऱ्यात बोधचिन्ह. डोळस विद्यार्थी हे पान सहज वाचतो. दृष्टिहीन विद्यार्थी तीच फाइल स्क्रीन रीडरवर ऐकतो, तेव्हा त्याला असं काही ऐकू येऊ शकतं: ‘प्रवेशअर्ज भरण्याची शेवटची वसतिगृहाची अनामत रक्कम तारीख १५ जून आहे. त्यानंतर विद्यार्थ्याला वर्षअखेरीस परत आलेले अर्ज स्वीकारले मिळेल…’

मजकुरात एकही चूक नाही. डाव्या स्तंभाची एक ओळ, मग उजव्या स्तंभाची एक ओळ, असं वाचन पानभर आडवं चाललं आहे.

याचं कारण पीडीएफच्या घडणीत आहे. हे स्वरूप छपाईसारखं पान हुबेहूब दाखवण्यासाठी तयार झालं. अमुक अक्षर कागदाच्या अमुक जागी, अमुक आकारात काढायचं, एवढ्याच सूचना फाइलमध्ये असतात. परिच्छेद कुठे सुरू होतो, मथळा कोणता, आधी कोणता स्तंभ वाचायचा, हे त्यात कुठेच नोंदलेलं नसतं. ठळक, मोठी अक्षरं पाहून आपण मथळा ओळखतो. स्क्रीन रीडरसाठी ती इतर अक्षरांसारखीच अक्षरं असतात. अशी फाइल अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडली की तो स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला विचारतो, वाचनाचा क्रम कसा ठरवू? म्हणजे तो अंदाजच बांधणार असतो.

हा अंदाज टाळण्यासाठी टॅग असतात. २००१ साली आलेल्या पीडीएफ १.४ या आवृत्तीत त्यांची सोय झाली. दिसणाऱ्या पानाला धक्का न लावता फाइलच्या आत एक वेगळी रचना लिहिली जाते. आपल्या माहितीपत्रकासाठी ती साधारण अशी असेल:

```
Document
  H1     प्रवेश माहितीपत्रक
  H2     अर्ज कसा करावा
  P      प्रवेशअर्ज भरण्याची शेवटची तारीख…
  H2     वसतिगृह
  P      वसतिगृहाची अनामत रक्कम…
  H2     शुल्क
  Table  (आत TR, TH, TD)
```

H1 हा मुख्य मथळा, H2 उपमथळा, P परिच्छेद. ही यादी वरून खाली ज्या क्रमाने आहे, त्याच क्रमाने स्क्रीन रीडर वाचतो. मथळ्यांचा उपयोग त्याहून मोठा आहे. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वापरणारा माणूस H ही कळ दाबत एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर उडी मारतो. चाळीस पानी पुस्तिकेत त्याला फक्त शुल्क पाहायचं असेल, तर मथळे ऐकत तो थेट तिथे पोहोचतो. मथळ्यांना टॅग नसतील तर ते कुठे आहे हे शोधत सगळी पुस्तिका ऐकावी लागते. तक्त्याचंही तसंच आहे. पहिल्या ओळीला TH म्हणजे शीर्षकाचा टॅग असेल, तर चौकटींमधून फिरताना ‘शुल्क, बारा हजार’ असं ऐकू येतं. तो नसेल तर नुसतंच ‘बारा हजार’. कशाचे, ते लक्षात ठेवायचं ऐकणाऱ्याने. बोधचिन्हाला वर्णन द्यावं, किंवा ते निव्वळ सजावटीचं असेल तर Artifact म्हणून नोंदवावं, म्हणजे वाचनात ते वगळलं जातं. पानोपानी छापलेला पत्ता आणि पानक्रमांकही तसेच वगळावेत.

हे सगळं पीडीएफ बनवल्यानंतर करण्यापेक्षा वर्डमध्येच करणं कितीतरी सोपं. मथळा नुसता ठळक करू नये. त्याला Heading 1 किंवा Heading 2 ही स्टाइल द्यावी. दोन स्तंभ हवे असतील तर Columns वापरावेत. मजकुराच्या तरंगत्या चौकटी शेजारी शेजारी ठेवू नयेत, कारण त्यांचा क्रम कुठेही जाऊ शकतो. तक्ता स्पेस आणि टॅब देऊन रचू नये, Table म्हणूनच घालावा. मग Save As मधून पीडीएफ निवडून Options मध्ये ‘Document structure tags for accessibility’ या खुणेवर टिक आहे ना ते पाहावं. याऐवजी Print देऊन पीडीएफ केली, तर बहुतेक वेळा मथळे आणि क्रम यांची ही सगळी मेहनत वाया जाते.

फाइल तयारच हातात आली असेल तर अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये तिला आपोआप टॅग लावता येतात. पण तिथेही स्तंभांची सरमिसळ होते, ठळक वाक्याला मथळा समजलं जातं. म्हणून Tags पॅनल उघडून Highlight Content ही सोय सुरू करावी आणि बाणाच्या कळीने एकेक टॅग खाली सरकत जावं. पानावर चौकट कुठून कुठे उडी मारते ते दिसतं. क्रम चुकला असेल तर टॅग ओढून योग्य जागी ठेवावा. एक सापळा इथे आहे. त्याच प्रोग्रॅममधलं Order पॅनल वेगळा क्रम दाखवतं; तो पानावर मजकूर रेखाटण्याचा क्रम असतो. स्क्रीन रीडर Tags मधला क्रम पाळतो. Order मधले आकडे नीट दिसले म्हणून फाइल तपासली असं समजू नये.

मराठी फाइलींचा एक स्वतंत्र प्रश्न आहे आणि तो टॅगने सुटत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेल्या फाइलीत आतला मजकूर इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. पडद्यावर फक्त देवनागरीचं रूप दिसतं. युनिकोड वापरलं तरी ‘किंमत’ या शब्दातली वेलांटी अक्षराच्या आधी रेखाटली जाते आणि काही फाइलींत ती तशीच नोंदली जाते. टॅग कितीही अचूक असले तरी तिथे शब्द मोडकेच उच्चारले जातात. पारख सोपी आहे. पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावा. तिथे शब्द जसेच्या तसे आले, तर ऐकतानाही ते नीट येण्याची शक्यता मोठी. जोडीने फाइलच्या Properties मध्ये भाषा ‘mr-IN’ अशी लिहावी. ती नसेल तर वाचणारा आवाज दुसऱ्याच भाषेचा असू शकतो.

शेवटची तपासणी यंत्रावर सोडता येत नाही. अ‍ॅक्रोबॅटचा तपासनीस टॅग आहेत का, चित्राला वर्णन आहे का, हे सांगतो. पण ‘Logical Reading Order’ या ओळीपुढे तो ‘माणसाने तपासावं’ असंच लिहितो. टॅग असणं यंत्राला कळतं, आधी अर्ज की आधी वसतिगृह हे कळत नाही. PAC हे मोफत साधन अधिक नियम तपासतं, तरी क्रमाचा निवाडा त्यालाही जमत नाही. म्हणून एनव्हीडीए सुरू करून, पडद्याकडे न पाहता, फक्त दोन गोष्टी शोधाव्यात: मथळ्यांवरून शुल्कापर्यंत पोहोचता आलं का, आणि अर्जाची शेवटची तारीख एका सलग वाक्यात ऐकू आली का. चूक सापडली तर शक्यतो ती वर्डच्या मूळ फाइलीत सुधारावी. अ‍ॅक्रोबॅटमध्ये हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या वर्षीच्या नव्या पीडीएफमध्ये येत नाही. मूळ फाइलीत दिलेल्या स्टाइल मात्र दरवर्षी कामाला येतात.