खिडकी उजळली, खोली बुडाली

नाशिकला एकटी राहणाऱ्या मावशीच्या हॉलमध्ये आम्ही कॅमेरा बसवला, तो ती कुठे पडली-झडली तर कळावं म्हणून. सकाळी दहाला पुण्यातून मोबाइल उघडला की ती पेपर वाचताना स्वच्छ दिसायची. दुपारी चारला मात्र पडद्यावर मधोमध एक पांढराशुभ्र चौकोन आणि त्याच्याभोवती काळोख. घाबरून फोन केला, तर ती म्हणाली, "अरे, मी इथेच खुर्चीत बसून मेथी निवडतेय की!" बसवणाऱ्याने फोनवरच निकाल दिला, कॅमेरा गेला, बदला.

कॅमेरा गेला नव्हता. मी मावशीला खिडकीचा जाड पडदा ओढायला सांगितलं. दोन-तीन सेकंदांत खुर्ची, मेथीची जुडी, मावशीचा चेहरा सगळं दिसू लागलं. घरच्या घरी करता येणारी हीच पहिली परीक्षा. पडदा ओढल्यावर खोली उजळली, तर दोष यंत्राचा नाही, समोरच्या उजेडाचा आहे.

मावशीची खिडकी पूर्वेला आहे आणि गल्लीपलीकडे एक पांढरी इमारत. सकाळी त्या इमारतीची आपल्याकडची भिंत सावलीत असते आणि ऊन वर चढलं की ते मावशीच्या हॉलमध्ये येतं. दुपारी उलटं होतं. समोरच्या भिंतीवर पश्चिमेचं ऊन आपटतं, हॉल मात्र सावलीत जातो. उन्हातल्या त्या भिंतीवर साठ हजार लक्सच्या आसपास उजेड पडतो, खुर्चीच्या कोपऱ्यात जेमतेम शंभर लक्स. हा फरक सहाशे पटींचा. शिवाय पांढरी भिंत पडलेल्या उजेडातला बहुतेक परत फेकते, तर मावशीचं गडद लुगडं त्यातला अगदी थोडा, म्हणजे भिंतीच्या विसाव्या हिश्शाएवढा. म्हणजे भिंत आणि लुगड्याची घडी यांच्यात जवळजवळ बारा हजार पटींची तफावत.

कॅमेऱ्याला ती का झेपत नाही? पावसात अंगणात भांडी मांडली आहेत असं समजा. काही पन्हळीखाली, काही दूर कोपऱ्यात, जिथे नुसते शिंतोडे येतात. सगळी भांडी एकाच वेळी उचलायची असा नियम आहे. थोडा वेळ ठेवलीत तर पन्हळीखालची बेताची भरतात, कोपऱ्यातल्यांचे तळ फक्त ओले होतात आणि त्या ओलीवरून किती पाऊस पडला ते मोजता येत नाही. जास्त वेळ ठेवलीत तर कोपऱ्यातली मोजण्याइतकी भरतात, पण पन्हळीखालची केव्हाच वाहून गेलेली असतात. कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर अशी लाखो इवलीशी भांडी असतात, पाण्याऐवजी उजेड साठवणारी. ती किती वेळ उघडी ठेवायची हे कॅमेरा साधारण सगळ्या दृश्याच्या सरासरीवरून ठरवतो. खिडकी मोठी आणि झगझगीत असली की सरासरी वर जाते, वेळ कमी होतो आणि खोली बुडते. साधा कॅमेरा एका दमात हजार ते तीन हजार पटींचा फरक टिपतो, आणि इथे तो बारा हजारांचा आहे.

वाइड डायनॅमिक रेंजची युक्ती अशी, की भांडी दोनदा मांडायची. एकदा बराच वेळ, समजा सेकंदाचा पन्नासावा भाग, खोलीसाठी. लगेच दुसऱ्यांदा त्याच्या सोळाव्या हिश्शाइतकाच वेळ, म्हणजे सेकंदाचा आठशेवा भाग, खिडकीसाठी. मग पहिल्या चित्रातून अंधाराचा भाग घ्यायचा, दुसऱ्यातून उजेडाचा, आणि दोन्ही जोडून एक चित्र करायचं. तीन हजारांचा कॅमेरा असा सोळा पटींनी ताणला तर अठ्ठेचाळीस हजारांपर्यंत पोचतो. मावशीच्या हॉलला तेवढं पुरेसं आहे.

आता सेटिंग्ज. कॅमेऱ्याच्या चित्राच्या मेनूत, बहुधा Backlight या नावाखाली, तीन-चार पर्याय दिसतात आणि त्यात गल्लत होते. `BLC` निवडलं तर कॅमेरा खोलीच्या भागावरच उजेडाचा हिशोब करतो. खोली दिसते, खिडकी पार पांढरी होते. खिडकीबाहेरचं काही बघायचंच नसेल तर एवढ्यावरही भागतं. `HLC` हे रात्री गाडीच्या दिव्यांसारखा झगमगाट दाबायला असतं. इथे त्याने खोली आणखी काळवंडेल. `DWDR` म्हणजे एकच चित्र घेऊन त्यातला काळा भाग नंतर उजळणं. ओल्या तळावरून पाणी मोजण्याचाच हा प्रकार, त्यामुळे चेहऱ्याऐवजी रवाळ दाणे वर येतात. खरं दोन चित्रांचं काम नुसत्या `WDR` या नावाखाली असतं. विकत घेताना डब्यावर त्यापुढे १२० डीबी असा आकडा दिसतो. दर २० डीबीला दहा पट हा त्याचा हिशोब, म्हणजे १२० डीबी म्हणजे दहा लाख पट. प्रत्यक्षात तेवढं हाती येत नाही, कारण लेन्सवरच्या धुळीवर खिडकीचा उजेड पसरतो आणि काळ्या भागावर धुकं चढतं. आधी काच पुसा, मग सेटिंग बदला.

`WDR` ला बहुधा शून्य ते शंभर अशी पट्टी असते. ती शंभरावर नेण्याचा मोह होतो, पण तिथे चित्र दुधाळ होतं आणि कोपरे रवाळतात. मी चाळिसापासून थोडं थोडं वर नेलं आणि साठाला थांबलो. परीक्षा दुपारी चारलाच घेतली, कारण सकाळी सगळंच चांगलं दिसतं. मावशीला आधी खुर्चीत, मग खिडकीला पाठ करून उभं केलं, मग हॉलमधून चालायला सांगितलं. चालण्याला कारण आहे. दोन चित्रांमध्ये क्षणभराचं अंतर असतं आणि तेवढ्यात माणूस सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सरकतो. मग हाताच्या कडेला दुसरी फिकट कड दिसते. चेहरा ओळखू येत असेल तर तेवढं चालवून घ्यावं. मी हे रेकॉर्डिंगमध्येही तपासलं, कारण साठवताना चित्र दाबलं जातं आणि बारकावे तिथे गळतात.

आणखी दोन गोष्टी नडतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे काही ट्यूब आणि एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण आठशेव्या भागाच्या चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात. त्यासाठी मेनूत `50Hz` निवडलेलं असावं, तरी पट्टे पूर्ण जातीलच असं नाही. आणि रात्री खिडकीच काळी झाली की या सोयीचा उपयोग उरत नाही, उलट दाणे वाढतात. दिवस-रात्रीची वेगळी सेटिंग असेल तर रात्री ती बंद ठेवावी.

दिवा लावून काम होईल का? घरच्या दिव्याने शंभर लक्सचे दोनशे झाले तरी फरक निम्माच होतो, बारा हजारांचे सहा हजार. तेही साध्या कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेरच. पातळ पांढरा पडदा त्याहून उपयोगी पडतो, कारण तो बाहेरचा झगमगाटच अडवतो.

पण खरा उपाय जागेचा आहे. बसवणाऱ्याने कॅमेरा खिडकीसमोर लावला, कारण प्लग तिथे होता. दिवाळीत गेलो तेव्हा पाच मीटर वायर ओढून तो खिडकीच्याच भिंतीवर, वरच्या कोपऱ्यात आणला. आता खिडकी त्याच्या पाठीशी आहे आणि तिचा उजेड मावशीच्या चेहऱ्यावर पडतो. `WDR` ची पट्टी मी शून्यावर आणली. दुपारी चारला मोबाइल उघडला, तर मेथी आहे की शेपू हेसुद्धा कळतं.