पत्र्यामागचा काल्पनिक प्रभार

गेल्या आठवड्यात आपण गाउसच्या नियमाने गोल, लांब तार आणि सपाट पत्रा यांची क्षेत्रं काढली. त्या सगळ्या उदाहरणांत एक सोय होती: प्रभार कुठे आणि किती पसरला आहे, हे आधीच ठाऊक होतं. या आठवड्यात ती सोय नाही.

एक मोठा, सपाट धातूचा पत्रा घ्या आणि त्याला अर्थिंग करा, म्हणजे त्याचा विभव शून्य झाला. त्याच्या वर ५ सेंटिमीटरवर १० नॅनोकूलॉमचा एक धन बिंदुप्रभार ठेवा. पत्र्यातले मुक्त इलेक्ट्रॉन वरच्या धन प्रभाराकडे ओढले जातील, जमिनीतून आणखी येतील, आणि पत्र्याच्या वरच्या बाजूला ऋण प्रभार गोळा होईल. तो कुठे किती गोळा होईल? तिथलं विद्युत क्षेत्र कळलं तर सांगता येईल. पण क्षेत्र काढायचं तर हा गोळा झालेला प्रभारही हिशेबात घ्यावा लागणार, आणि तोच तर अजून माहीत नाही. एकाचं उत्तर दुसऱ्यात अडकलेलं आहे, त्यामुळे कूलॉमचा नियम सरळ लावून इथे पुढे सरकता येत नाही.

ही गाठ विल्यम थॉमसन यांनी सोडवली. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून जग ओळखू लागलं ते हेच. १८४५ साली, केंब्रिजची पदवी नुकतीच हातात पडलेल्या एकवीस वर्षांच्या थॉमसन यांनी पॅरिसच्या गणितज्ञ लिउविल यांना पत्रातून ही कल्पना कळवली. त्यांनी पत्र्यावरच्या प्रभाराचा शोध घेणंच सोडून दिलं. पत्रा पूर्ण काढून टाका, म्हणाले, आणि त्याच्या जागेच्या बरोबर तितक्याच खाली, आरशात प्रतिमा दिसते त्या ठिकाणी, तितकाच पण ऋण प्रभार ठेवा. आपल्या उदाहरणात पत्र्याच्या जागेखाली ५ सेंटिमीटरवर उणे १० नॅनोकूलॉम. आता जगात फक्त दोन बिंदुप्रभार उरले, आणि दोन बिंदुप्रभारांचा विभव कुणालाही लिहिता येतो:

V = kq (1/r₁ − 1/r₂)

इथे r₁ हे खऱ्या प्रभारापासूनचं अंतर, r₂ हे प्रतिमेपासूनचं. पत्रा जिथे होता त्या पातळीवरचा कोणताही बिंदू दोघांपासून सारख्याच अंतरावर आहे. म्हणून तिथे r₁ = r₂, आणि V शून्य. अर्थिंग केलेल्या पत्र्याची जी अट होती, ती पत्रा नसतानाही पाळली गेली.

पण एवढ्यावर समाधान मानू नये. अट पाळणारं एक उत्तर सापडलं, तेच खरं उत्तर कशावरून? या प्रश्नाला बगल दिली तर प्रतिमा पद्धत ही नुसती हातचलाखी वाटते, आणि बऱ्याच जणांना ती आयुष्यभर तशीच वाटत राहते. म्हणून इथे जरा थांबू. समजा, पत्र्याच्या वरच्या अवकाशात दोन वेगवेगळे विभव आहेत. दोघांमध्ये तोच प्रभार त्याच जागी आहे, दोघेही पत्र्यावर शून्य आहेत आणि फार दूर गेल्यावरही शून्य होतात. एकातून दुसरा वजा करा. प्रभाराचा वाटा दोघांत सारखा असल्यामुळे वजाबाकीत तो नाहीसा होतो. उरतो तो प्रभारच नसलेल्या जागेतला विभव, आणि अशा विभवाचा एक गुण आहे: कोणत्याही बिंदूवरची त्याची किंमत भोवतालच्या लहानशा गोलावरच्या किमतींच्या सरासरीइतकी असते. म्हणजे आतल्या कोणत्याच बिंदूवर तो भोवतालपेक्षा जास्त किंवा कमी असू शकत नाही. त्याची कमाल आणि किमान किंमत सीमेवरच सापडणार. इथे सगळ्या सीमेवर तो शून्य आहे. तेव्हा आतही सगळीकडे शून्य, आणि ते दोन विभव वेगळे नव्हतेच. उत्तर एकच असू शकतं. मग ते गणिताने काढलं, अंदाजाने सुचलं की प्रतिमा मांडून मिळालं, याला महत्त्व नाही. अटी पाळल्या की तेच उत्तर.

या युक्तिवादातच पद्धतीची मर्यादाही आहे. आपण जे सिद्ध केलं ते फक्त पत्र्याच्या वरच्या अवकाशाबद्दल. प्रतिमा नेहमी आपल्याला हव्या असलेल्या भागाच्या बाहेर ठेवावी लागते, कारण आत ठेवली तर तिथे नसलेला प्रभार घुसवल्यासारखं होईल आणि प्रश्नच बदलेल. आणि पत्र्याखाली जाऊन वरचं सूत्र वापरलं तर उत्तर चुकणारच. तिथे खरं क्षेत्र शून्य आहे, सूत्र मात्र प्रतिमेजवळ प्रचंड क्षेत्र दाखवेल.

आता गोळा झालेल्या प्रभाराकडे वळू. पत्र्यावरचा एक बिंदू घ्या, खऱ्या प्रभारापासून s अंतरावर. तिथे खरा प्रभार आणि प्रतिमा दोघांचंही क्षेत्र kq/s² इतकं आहे. पत्र्याला समांतर असलेले घटक एकमेकांना रद्द करतात, लंब घटक दोन्ही खालच्या दिशेने असल्यामुळे त्यांची बेरीज होते: 2kqd/s³. इथे d म्हणजे प्रभाराची पत्र्यापासूनची उंची. वाहकाच्या पृष्ठभागावर क्षेत्राला ε₀ ने गुणलं की पृष्ठघनता मिळते, म्हणून

σ = −qd / (2πs³)

प्रभाराच्या थेट खाली, जिथे s म्हणजेच d, तिथे क्षेत्र सगळ्यात तीव्र. आपल्या आकड्यांनी ते मीटरला ७२ हजार व्होल्ट येतं. हवेत ठिणगी पडायला साधारण तीस लाख लागतात, तेव्हा प्रयोगाला धोका नाही.

त्या पायाबिंदूभोवती एक वर्तुळ आखलं, तर त्याच्या आत एकूण किती प्रभार सापडेल? याचं उत्तर कलनाशिवाय, गेल्या आठवड्यातल्या क्षेत्ररेषांनीच निघतं. खऱ्या प्रभारातून निघालेल्या रेषांपैकी या वर्तुळातून जाणारा हिस्सा म्हणजे त्या वर्तुळाने प्रभारापाशी व्यापलेल्या शंकूचा हिस्सा: (1 − cosθ)/2, जिथे cosθ = d/s आणि s हे वर्तुळाच्या कडेचं प्रभारापासूनचं अंतर. प्रतिमाही त्याच वर्तुळातून, त्याच दिशेने तितक्याच रेषा ओढते. दोन्ही मिळून 1 − d/s. म्हणजे वर्तुळाच्या आत एकूण प्रभाराचा 1 − d/s इतका भाग आहे. वर्तुळ अमर्याद मोठं केलं की हा भाग १ होतो: पत्र्यावर गोळा झालेला सगळा प्रभार बरोबर उणे १० नॅनोकूलॉम. हा पडताळा प्रत्येक वेळी करावा. एकूण प्रभार प्रतिमेइतका आला नाही, तर घनतेच्या सूत्रात कुठेतरी चूक झाली आहे.

अर्धा प्रभार कुठवर आहे? कडेचं अंतर 2d होईल तिथवर, म्हणजे सुमारे ८.७ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात. नव्वद टक्के हवा असेल तर कड ५० सेंटिमीटर लांब न्यावी लागते. प्रभार इतका हळूहळू विरळ होत जातो, की ५ सेंटिमीटर उंचीसाठी अर्ध्या मीटर त्रिज्येचा पत्राही दहा टक्के प्रभाराच्या दृष्टीने अपुराच.

मग खोलीत मांडलेल्या खऱ्या, मर्यादित पत्र्यावर हे सूत्र चालतं कसं? चालतं, कारण बल वेगळ्या रीतीने वाटलेलं आहे. प्रभाराला पत्रा ओढतो, तसाच पत्र्यालाही प्रभार ओढतो, आणि पत्र्याच्या प्रत्येक तुकड्यावरचं ओढणं त्या तुकड्यावरच्या घनतेच्या वर्गाप्रमाणे असतं. विरळ भागाचा वाटा म्हणून झपाट्याने घटतो. बेरीज केली की वर्तुळाबाहेरच्या पत्र्याचा बलातला हिस्सा (d/s)⁴ इतका निघतो. ज्या वर्तुळात अर्धाच प्रभार होता, त्यात बलाचा पंधरा-सोळांश भाग आहे. आणि अर्ध्या मीटरबाहेरचा पत्रा बलात दहा हजारांत एक इतकीच भर घालतो.

एकूण बल प्रतिमेवरून एका ओळीत मिळतं. खरा प्रभार आणि प्रतिमा यांच्यातलं अंतर 2d, म्हणून F = kq²/(2d)². हे 2d विसरून d घालणं ही परीक्षेतली नेहमीची चूक. आपल्या उदाहरणात अंतर १० सेंटिमीटर आणि बल ९० मायक्रोन्यूटन, साधारण ९ मिलिग्रॅम वजनाइतकं.

आता ऊर्जा. इथे चांगले विद्यार्थीही फसतात. दहा सेंटिमीटरवरच्या दोन विरुद्ध प्रभारांची ऊर्जा −kq²/(2d), म्हणजे उणे ९ मायक्रोज्यूल. बल बरोबर आलं, मग ऊर्जाही तीच असेल, असं मन म्हणतं. पण प्रभार फार दुरून सावकाश आणून मोजलं, तर निघते फक्त उणे ४.५ मायक्रोज्यूल. बरोबर निम्मी. कारण असं, की दोन खरे प्रभार असते तर क्षेत्र वर आणि खाली दोन्हीकडे सारखं असतं. इथे खालचं अर्धं क्षेत्र अस्तित्वातच नाही, आणि ऊर्जा क्षेत्रात असते. दुसऱ्या बाजूनेही तेच दिसतं. प्रभार आपण x अंतर सरकवला की प्रतिमाही आपोआप x सरकते, पण तिला सरकवायला कुणी कार्य केलेलं नसतं. प्रत्यक्षात सरकतो तो पत्र्यावरचा प्रभार, आणि तो शून्य विभवावरच फिरत असल्यामुळे त्याला ऊर्जा लागत नाही. म्हणून माझं सांगणं असं: विभव, क्षेत्र आणि बल प्रतिमेला विचारा, ऊर्जा विचारू नका. ती बलावरून स्वतः काढा.

हा निम्मेपणा केवळ कागदावरचा नाही. धातूच्या पृष्ठभागाबाहेर आलेल्या इलेक्ट्रॉनलाही त्याची स्वतःची प्रतिमा मागे ओढते. १ नॅनोमीटर अंतरावर ही ऊर्जा उणे ०.३६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. निम्मं करायला विसरलात तर ०.७२. तापलेल्या फिलामेंटमधून इलेक्ट्रॉन किती सुटतील, याच्या हिशेबात वॉल्टर शॉट्की यांनी १९१४ मध्ये हेच प्रतिमाबल धरलं. बाहेरून विद्युत क्षेत्र लावलं की बाहेर पडण्याचा अडथळा थोडा कमी का होतो, ते त्यातून कळलं. अर्थात d शून्याकडे गेला की सूत्र अनंत ऊर्जा सांगू लागतं, आणि ते खोटं आहे. धातूचा पृष्ठभाग अणूंचा बनलेला आहे, अणूच्या आकाराइतक्या अंतरावर त्याला सपाट सीमा उरत नाही, आणि तिथे प्रतिमा पद्धत सोडून क्वांटम यामिकीकडे जावं लागतं.

पुढच्या आठवड्यात पत्र्याऐवजी धातूचा गोल घेऊ. तिथे प्रतिमेची जागा आणि किंमत दोन्ही बदलतात. तोवर वाचकांनी एक करून पाहावं: एकमेकांशी काटकोनात जोडलेले, अर्थिंग केलेले दोन मोठे पत्रे घ्या, कोपऱ्याच्या आत एक प्रभार ठेवा आणि दोन्ही पत्रे शून्य विभवावर राहतील अशा प्रतिमा शोधा. दोन प्रतिमांनी काम भागत नाही, तिसरी लागते. तिचं चिन्ह काय, ते स्वतः ठरवा.