घरात आणि घरांत

पणजोबांची मोडकळीस आलेली वही मी छपाईसाठी टंकित करीत होतो. लेखन जुन्या वळणाचे, अनुस्वारांनी भरलेले. 1962च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार रद्द केले, तेव्हा तेही काढावेत म्हणून मी संगणकाला सांगितले, ‘ांत’ दिसेल तिथे ‘ात’ कर. क्षणात काम झाले. ‘शांत’चे ‘शात’ आणि ‘प्रांत’चे ‘प्रात’ झाले, ते लगेच डोळ्यांना खुपले. ‘वृत्तांत’चे ‘वृत्तात’ मात्र मुद्रितशोधनातूनही निसटत होते, कारण तोही शब्दच आहे.

खरी अडचण प्लेगच्या पानावर आली. वहीत होते, ‘त्या घरांत माणसें नव्हतीं.’ मी ते ‘त्या घरात माणसे नव्हती’ असे करून बसलो होतो. आज ‘घरात’ म्हणजे एका घरात आणि ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांत. अनेकवचनी सामान्यरूपावर टिंब द्यायचेच, हा नियम आहे. पण जुन्या लेखनात सप्तमीच्या ‘त’आधी एकवचनातही टिंब देत. त्यामुळे ‘घरांत’वरून घर एक की अनेक, हे कळत नाही. ‘त्या’ही मदतीला येत नाही, तो दोन्ही वचनांत सारखाच. ओसाड पडले होते ते एक घर की सगळी आळी?

अशा वेळी त्याच गोष्टीचा दुसऱ्या प्रत्ययासह आलेला उल्लेख शोधावा. ‘ला’, ‘वर’, ‘चा’ यांच्याआधी एकवचनात जुने लेखकही टिंब देत नसत. पुढचेच वाक्य होते, ‘त्यांवरचीं कौलेंही उतरविलीं होतीं.’ ‘त्यावरचीं’ नव्हे, ‘त्यांवरचीं’. म्हणजे घरे अनेक. टिंब ठेवायचे होते, मी ते पुसून आळीचे एक घर केले होते.

या शब्दातली दोन टिंबे शेजारी ठेवून पाहावीत. ‘त्यां’वरचे उच्चारातही आहे आणि वचनही सांगते, म्हणून ते राहते. ‘चीं’वरचे जाते. ‘त्यांनीं’चेही तसेच, नव्या लेखनात ‘त्यांनी’. दोन्ही टिंबे काढून ‘त्यानी’ लिहिणारे मला पत्रांत रोज भेटतात. आदरार्थीही हेच. शिक्षक एकच असले, तरी आदराने ‘शिक्षकांना’ आणि ‘त्यांचा’.

‘देहांत’ने मात्र मला दोन दिवस अडवले. जुन्या पानावर त्याचे तीन अर्थ संभवतात: एका देहामध्ये, अनेक देहांमध्ये आणि मृत्यू. आज तिघांना तीन रूपे देता येतात, ‘देहात’, ‘देहांत’, ‘देहान्त’. तत्सम शब्दात एरवी टिंब चालते. पण अर्थाचा घोटाळा होत असेल, तिथे ‘न्’ जोडून लिहावा, ही सोय नियमांतच आहे. ‘वेदांत’ आणि ‘वेदान्त’ ही जोडी तशीच. वहीत वाक्य होते, ‘देहांत झाला तेव्हां गांव रानांत होतें.’ पहिल्या शब्दात मी ‘न्’ जोडला, ‘रानांत’चे टिंब काढले. प्लेगमध्ये गाव एकाच माळावर राहायला गेले होते, हे आधीच्या पानावर होते.