गडचिरोलीतला आकडा देशाला लागू होतो का?

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत नवजात बाळांवर घरीच उपचार करण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. पायलट प्रकल्प कसा आखावा, हे समजून घ्यायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

यशाची मोजपट्टी एकच आणि कठोर होती. हजार जन्मांमागे किती बाळं पहिल्या 28 दिवसांत दगावतात? किती आरोग्यदूत तयार झाल्या, किती घरभेटी झाल्या, हे आकडे वाढवणं सोपं असतं, पण त्यातून बाळ वाचलं की नाही हे कळत नाही. हजार वस्तीच्या एका गावात वर्षाला पंचवीसेक जन्म होतात आणि एक-दोन बाळं दगावतात. एखाद्या वर्षी एकही गेलं नाही, तर तो निव्वळ योगायोगही असू शकतो. म्हणून 39 गावं घेतली. तिथली लोकसंख्या सुमारे 39 हजार होती. शेजारची 47 गावं तुलनेसाठी ठेवली आणि काम सुरू होण्याआधीची, 1993 ते 1995 ची नोंदही हाताशी होती.

उपचाराच्या गावांत हा दर 62 वरून 1997-98 पर्यंत सुमारे 25 वर आला. तुलनेच्या गावांत तो 58 होता, तो 60 झाला. हा दुसरा आकडा नसता, तर कोणीही म्हणू शकलं असतं की रस्ते झाले, पाऊस बरा झाला, दर आपोआपच उतरला.

तरीही एवढ्यावरून देशभर विस्तार करणं घाईचं ठरलं असतं. ही गावं बंग दांपत्याच्या रोजच्या देखरेखीखाली होती. यश पद्धतीचं की माणसांचं, हे वेगळं तपासायला हवं होतं. म्हणून 'अंकुर' प्रकल्पात महाराष्ट्रातल्या सात ठिकाणी इतर संस्थांनी तेच काम केलं. तिथेही नवजात मृत्यू निम्म्याच्या आसपास घटले. माझ्या मते विस्ताराच्या निर्णयाला खरा आधार इथे मिळाला.

2011 मध्ये केंद्र सरकारने 'आशां'मार्फत घरभेटींचा कार्यक्रम सुरू केला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा भेटी, घरी जन्मलेल्यासाठी सात. मात्र गडचिरोलीची आरोग्यदूत जंतुदोष झालेल्या बाळाला जेन्टामायसिनचं इंजेक्शनही देत होती. देशाच्या कार्यक्रमात आशाने आजारी बाळ ओळखून दवाखान्यात पाठवायचं, एवढंच ठरलं. शिवाय तिच्यावर लसीकरणापासून सर्वेक्षणापर्यंत इतर कितीतरी कामांचा भार आहे.

म्हणजे जे तपासलं ते आणि जे पसरवलं ते, एकच नव्हतं. मूळ प्रयोगाचा फायदा या कार्यक्रमाच्या खात्यावर जसाच्या तसा मांडता येत नाही. दवाखाना दूर असलेल्या तालुक्यांत, पाठवलेल्यांपैकी किती बाळं तिथे वेळेत पोहोचली आणि त्यातली किती वाचली, हे पुन्हा मोजावं लागतं.